वाढदिवसाच्या शुभेच्छा!

नमस्कार सुहास सर,

वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!

मी अनघा, अकाउंट्समध्ये तुमच्या पलीकडच्या टेबलावर बसायचे. बऱ्याच दिवसांत बोलणं झालं नाही, पण आज सकाळी फोनवर तारीख दिसली आणि आवर्जून लिहावंसं वाटलं.

वर्षअखेरीला ताळा जुळेना झाला की तुम्ही हिरव्या शाईचं पेन घेऊन शेजारी बसायचात आणि एकेक नोंद शांतपणे तपासायचात. कधी आवाज चढला नाही, की कुणाची चूक हे चारचौघांत बोलून दाखवलं नाही. फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर आधी अंकांची अदलाबदल शोधायची (54 च्या जागी 45), हे तुमच्याकडूनच शिकले. आता नव्याने आलेल्या मुलांना तेच सांगते, तुमचं नाव घेऊन. त्या दिवसांबद्दल मनापासून आभार.

येणारं वर्ष तुम्हाला उत्तम आरोग्याचं आणि समाधानाचं जावो. नव्या ठिकाणच्या कामासाठीही शुभेच्छा.

घरी सगळ्यांना नमस्कार सांगा.

आपली,
अनघा