संभाषणाचा इतिहास: पूर्ण पाठवायचा की सारांश? मासिक खर्चाचा अंदाज

मंडळी,

सोमवारच्या बैठकीआधी हा अंदाज वाचून या. प्रश्न असा होता की व्यायाम-ॲपमधला प्रत्येक संवाद पूर्ण जपायचा की सारांश ठेवून बाकीचं उडवायचं. आकडेमोड केल्यावर दिसलं की आपण दोन प्रश्न एकत्र केले होते: डेटाबेसमध्ये काय ठेवायचं हा एक, आणि दर वेळी मॉडेलला काय पाठवायचं हा दुसरा. पैसा जवळपास सगळा दुसऱ्यात जातो.

धरलेले आकडे: २,००० सक्रिय वापरकर्ते, प्रत्येकी महिन्याला ६० फेऱ्या. एक फेरी म्हणजे ८० टोकनांचा प्रश्न आणि २२० टोकनांचं उत्तर. सिस्टीम प्रॉम्प्ट ५०० टोकन. दर दहा लाख टोकनांना इनपुट ०.५० डॉलर, आउटपुट २ डॉलर. दर माझ्या गृहीतातले आहेत. मॉडेल ठरलं की बदलतील, पण दोन पर्यायांतलं प्रमाण फारसं हलणार नाही.

साठवण

हे चटकन उरकतं. मेटाडेटा आणि इंडेक्ससह फेरीला ३ केबी धरले (देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, म्हणून हात जरा सैल सोडलाय). महिन्याला १,२०,००० फेऱ्या म्हणजे ३६० एमबी, वर्षाअखेर ४.३ जीबी. जीबीला महिना पाव डॉलर धरून, वर रेप्लिका आणि बॅकअपसाठी तिप्पट केलं, तरी बाराव्या महिन्याचं बिल सव्वातीन डॉलरच्या आत राहतं. सारांश तर सगळ्यांचे मिळून पाचेक एमबी. अर्थात प्रत्येक फेरीचं एम्बेडिंग काढायचं ठरलं, तर १,५३६ मितींचा एक व्हेक्टर एकटाच ६ केबी घेतो, म्हणजे मजकुराच्या दुप्पट. तरीही रक्कम चिल्लरच.

टोकन

पूर्ण इतिहास पाठवला, तर प्रत्येक फेरीत मागचं सगळं पुन्हा जातं आणि त्याचे पैसे पुन्हा लागतात:

```
full(n) = n*(500+80) + 300*n*(n-1)/2
full(60) = 565800
```

सारांशाच्या पर्यायात शेवटच्या ५ ते १४ फेऱ्या जशाच्या तशा जातात आणि त्याआधीचं ४०० टोकनांत आटवलेलं असतं. दर दहा फेऱ्यांनी सारांश नव्याने लिहायचा. तो लिहिण्याचा खर्च धरूनही इनपुट माणशी २,५१,४०० टोकनांवर थांबतं.

| महिना | पूर्ण इतिहास | सारांश |
|---|---|---|
| पहिला | ६१९ डॉलर | ३१४ डॉलर |
| दुसरा | १,६९९ डॉलर | ३१४ डॉलर |
| तिसरा | २,७७९ डॉलर | ३१४ डॉलर |

दोन्हींत उत्तरांच्या आउटपुटचे ५३ डॉलर धरलेत. वापरकर्ते एकानेही न वाढता पूर्ण इतिहासाचं बिल दर महिन्याला १,०८० डॉलरने चढतं, आणि १,२८,००० टोकनांची मर्यादा असलेलं मॉडेल घेतलं तर आठव्या महिन्यात इतिहास त्यात मावतच नाही.

सरासरीवर मात्र विसंबू नका. महिन्याला ३०० फेऱ्या करणारा एक उत्साही वापरकर्ता पहिल्याच महिन्यात १.३६ कोटी इनपुट टोकन खातो, म्हणजे ६.८१ डॉलर. बोलणं पाचपट, खर्च चोवीसपट. सारांशात त्याचे ६३ सेंट होतात. आपल्या सगळ्यात निष्ठावान ग्राहकांवरच तोटा व्हावा, हे मला पटत नाही.

कॅशिंगचा मुद्दा निघेलच. इतिहासाला फक्त शेवटी भर पडत असल्याने कॅश तिथे चांगली लागू पडते. निम्मं इनपुट कॅशमधून दहा टक्के दराने आलं असं धरलं, तरी तिसऱ्या महिन्यात इनपुटचेच सुमारे १,५०० डॉलर होतात. शिवाय आपले लोक सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा येतात. काही मिनिटांत उडणारी कॅश त्यांच्या पहिल्या फेरीला उपयोगी पडणार नाही.

माझा प्रस्ताव

साठवायचं सगळं, पाठवायचा सारांश. मूळ मजकूर उडवून वर्षाला वीसेक डॉलर वाचतील, पण पुढे सारांशाचा प्रॉम्प्ट सुधारला तर जुने सारांश नव्याने काढता येणार नाहीत.

सारांशाची खरी किंमत बिलात दिसत नाही. चाचणीसाठी लिहिलेल्या संवादात वापरकर्ता म्हणतो, "मार्चमध्ये डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, उड्या मारायला बंदी आहे." दोनदा आटवल्यावर उरलं, "गुडघ्याचा त्रास आहे." म्हणून दुखापती, औषधं आणि डॉक्टरांच्या सूचना सारांशात न सोडता वेगळ्या तक्त्यात ठेवू आणि दर वेळी जशाच्या तशा पाठवू. त्याला माणशी १५० टोकन धरले, तर महिन्याला ९ डॉलर वाढतात. हे ९ डॉलर मी कुठल्याही परिस्थितीत कापणार नाही.

एक काम त्यातून वाढतं: कुणी संवाद पुसायला सांगितला तर सारांश आणि तक्ता दोन्हींतूनही तो मजकूर जायला हवा. त्याला अंदाजे तीन दिवस लागतील. सोमवारी होकार मिळाला तर याच स्प्रिंटमध्ये घेतो.