क्रिएटिनिन रिएजंटच्या नव्या लॉटमध्ये कंट्रोलची मूल्ये सरकल्याबाबत तक्रार

दिनांक : १२ मे २०२५
जावक क्र. : जैव/तक्रार/१४

प्रति,
प्रमुख, गुणवत्ता व तांत्रिक सेवा विभाग,
रिएजंट पुरवठादार कंपनी,
विभागीय कार्यालय, छत्रपती संभाजीनगर.

विषय : क्रिएटिनिन (जाफे कायनेटिक) रिएजंट, लॉट क्र. २५०३१७ वापरल्यावर कंट्रोल व रुग्णांचे नमुने वरच्या दिशेने सरकणे.

महोदय,

आपल्याकडून आलेला वरील लॉट आम्ही रुग्णांसाठी वापरायला घेतलेला नाही आणि सध्याच्या स्थितीत घेणारही नाही. याची तोंडी कल्पना आपल्या बीड जिल्हा प्रतिनिधींना दिली होती. त्यांच्याकडून मिळालेली उत्तरे समाधानकारक नसल्याने ही लेखी तक्रार करीत आहे.

आमच्याकडे कोणताही नवा लॉट आला की जुना संपण्याआधी दोन्ही एकाच दिवशी, एकाच अॅनालायझरवर, शेजारी-शेजारी चालवले जातात. नवा लॉट वापरण्याआधी पडताळून घ्यावा, हे आयएसओ १५१८९ लाही अपेक्षित आहे. तसे चालवताना लॉट २५०३१७ वर कंट्रोलच्या लेव्हल १ ने पहिल्याच रनमध्ये तीन एसडीची रेषा ओलांडली. आमचा प्रस्थापित मीन १.०२ मिग्रॅ/डेलि आणि एसडी ०.०४ आहे. नव्या लॉटवर मूल्ये १.१५ ते १.१७ च्या दरम्यान येतात. लेव्हल २ चा मीन ४.८५ आणि एसडी ०.१४, तिथे नव्या लॉटवर ४.९९ च्या आसपास येते, म्हणजे जेमतेम एक एसडी. फक्त लेव्हल २ पाहणाऱ्याला यात काहीच वावगे दिसणार नाही. फरक मात्र दोन्हीकडे सारखाच आहे : सुमारे ०.१४. टक्क्यांत वाढणारा हा फरक नाही, प्रत्येक निकालावर ठराविक रक्कम चढवल्यासारखा आहे. कारण शोधताना हीच गोष्ट सर्वांत उपयोगी पडली, म्हणून ती आधी सांगितली.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर तीन गोष्टी सुचवल्या. पहिली, "कंट्रोल खराब झाला असेल." कंट्रोल आपल्या कंपनीचा नाही, स्वतंत्र उत्पादकाचा आहे, आणि त्याच कुपीतून, त्याच तासात जुन्या लॉट २४०९८६ वर १.०२ आणि १.०३ येत होते. कंट्रोल खराब असता तर दोन्ही लॉटवर दिसला असता. दुसरी, "पुन्हा कॅलिब्रेशन करा." ते नव्या कॅलिब्रेटरने केले, जुन्या कॅलिब्रेटरने केले, निकालात फरक पडला नाही. याबद्दल पुढे लिहिते.

तिसरी सूचना ऐकून मात्र आश्चर्य वाटले. "मॅडम, नव्या लॉटचा नवा मीन काढून घ्या ना, सगळेच घेतात." नवा मीन काढण्याला माझी तत्त्वतः हरकत नाही. कंट्रोलचे द्रव्य हे रुग्णाचे ताजे सीरम नसते; प्रक्रिया करून, सुकवून, त्यात घटक मिसळून ते बनवलेले असते. त्यामुळे काही वेळा नव्या लॉटवर कंट्रोल सरकतो आणि रुग्णांचे निकाल जागेवर राहतात. तसे झाले असते तर मीन बदलून, त्याची नोंद करून आम्ही पुढे गेलो असतो आणि आपल्याला या पत्राचा त्रासही झाला नसता. पण रुग्णांचे निकालही सरकले असतील, तर मीन बदलणे म्हणजे मापात खोट आहे म्हणून वजने घासून घेण्यासारखे होईल. म्हणून प्रश्न रुग्णांच्या नमुन्यांनीच सोडवावा लागतो आणि आम्ही तो तसाच सोडवला.

वेगवेगळ्या पातळ्यांचे २० रुग्ण-नमुने दोन्ही लॉटवर चालवले. कावीळ झालेले, दुधाळ किंवा रक्तपेशी फुटलेले नमुने यात घेतले नाहीत, कारण जाफे पद्धतीत त्यांचा हस्तक्षेप ठाऊक आहे आणि त्यावरून नसता वाद नको. त्यातले सहा नमुन्यादाखल :

| जुना लॉट (मिग्रॅ/डेलि) | नवा लॉट (मिग्रॅ/डेलि) | फरक |
|---|---|---|
| ०.६२ | ०.७५ | +०.१३ |
| ०.८८ | १.०१ | +०.१३ |
| १.०५ | १.१९ | +०.१४ |
| १.९४ | २.०८ | +०.१४ |
| ४.१० | ४.२२ | +०.१२ |
| ७.९० | ८.०५ | +०.१५ |

सर्व विसांचा सरासरी फरक +०.१३ आहे. सर्वांत कमी ०.११, सर्वांत जास्त ०.१६. एकही नमुना खाली आलेला नाही. २ मिग्रॅच्या आतील क्रिएटिनिनसाठी दोन लॉटमधील फरक ०.१० पेक्षा जास्त नसावा, ही मर्यादा आमच्या कार्यपद्धतीत आधीपासून लिहिलेली आहे. आपला लॉट पाहून ती ठरवलेली नाही.

०.१४ हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो. ७.९० चे ८.०५ झाले तर डायलिसिसच्या रुग्णाला किंवा त्याच्या डॉक्टरांना काही फरक पडत नाही, हे मलाही मान्य आहे. अडचण खालच्या टोकाला आहे. तक्त्यातील तिसरा नमुना केज तालुक्यातील ६० वर्षांच्या बाईंचा आहे. १.०५ वर सीकेडी-ईपीआय २०२१ सूत्राने त्यांचा ईजीएफआर ६१ येतो, १.१९ वर तोच ५२ येतो. म्हणजे ६० ची रेषा रिएजंटच्या बाटलीने ओलांडली, मूत्रपिंडाने नाही. कारखान्यांचा पट्टा पडून ऊसतोडीहून परतलेली माणसे सध्या तपासणीला येत आहेत. अंगदुखीच्या गोळ्या, उन्हातले काम, कमी पाणी, असे सगळे असल्याने डॉक्टर त्यांचे क्रिएटिनिन मुद्दाम पाहतात, आणि मागच्या रिपोर्टशी ताडून पाहतात. अशा माणसाला "किडनीवर परिणाम दिसतोय, पुन्हा तपासा" म्हटले की एक दिवसाची मजुरी, जीपचे भाडे आणि घरभर काळजी. ती लॉट बदलल्यामुळे असेल तर याचे उत्तर आम्ही कोणाला द्यायचे?

आता कारणाविषयी. तपास करणे खरे तर आपले काम, पण आम्ही काही साध्या चाचण्या केल्या आणि त्या आपल्या उपयोगी पडाव्यात.

कॅलिब्रेटर नमुना म्हणून चालवला तेव्हा नव्या लॉटवर २.०१ आणि जुन्यावर १.९९ आला. त्याची नेमून दिलेली किंमत २.०० आहे. म्हणजे पाण्यातील शुद्ध क्रिएटिनिन दोन्ही लॉट बरोबर मोजतात. चूक सीरममध्येच दिसते. आपला कॅलिब्रेटर जलीय आहे, त्यात प्रथिने नाहीत. सीरममध्ये असतात, आणि जाफे अभिक्रियेत क्षारीय पिक्रेटशी प्रथिने व इतर काही पदार्थही थोडा रंग देतात. कॅलिब्रेटरमध्ये जे मुळातच नाही, ते कॅलिब्रेशनने कसे वजा होणार? त्यामुळे "पुन्हा कॅलिब्रेट करा" हा सल्ला या दोषावर लागू पडत नाही, कितीही वेळा केला तरी.

मग केवळ शोधासाठी (रुग्णांसाठी अर्थातच नाही) दोन्ही लॉटच्या बाटल्या आलटून-पालटून जोडल्या आणि प्रत्येक जोडीचे स्वतंत्र कॅलिब्रेशन केले. नवे आर-१ आणि जुने आर-२ घेतल्यावर लेव्हल १ ला १.०३ आले. जुने आर-१ आणि नवे आर-२ घेतल्यावर १.१५. फरक आर-२ च्या मागे मागे जातो. आर-२ म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. क्षाराची तीव्रता बदलली की या इतर पदार्थांचा वाटाही बदलतो, म्हणून भरणा करताना आर-२ ची तीव्रता चुकली असावी असा आमचा अंदाज आहे. तो चूक ठरला तर आनंदच आहे, पण चूक ठरवायला आपल्याकडे राखून ठेवलेल्या नमुन्याचे टायट्रेशन लागेल, फोन पुरणार नाही.

वाहतुकीतील उष्णतेचा मुद्दा निघेलच, म्हणून तोही इथेच. मे महिन्यात रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलेले पार्सल, अंबाजोगाईचे ऊन, सगळ्याला दोष देणे सोपे आहे. पण याच लॉटचे दोन खोके आमच्याकडे वेगवेगळ्या खेपेत आले. पहिल्यातील बर्फाच्या पिशव्या वितळलेल्या होत्या आणि तशी नोंद आम्ही पावतीवर केली होती. दुसरा खोका आमचा माणूस थेट आपल्या डेपोतून तापमाननोंद यंत्रासह घेऊन आला. तो पूर्णवेळ २ ते ८ अंशांत राहिला. दोन्ही खोक्यांचे निकाल सारखेच आहेत. आमच्या शीतकपाटाची नोंद सोबत जोडली आहे. वीज गेली तरी ते इन्व्हर्टरवर असते. बाटल्या सीलबंद होत्या आणि चाचणीच्या वेळीच उघडल्या.

आमच्या अपेक्षा अशा. या लॉटचे न उघडलेले सर्व किट परत घ्यावेत आणि वेगळ्या लॉटचे द्यावेत. मात्र आधी त्या लॉटचा एकच किट तपासणीसाठी पाठवावा. आम्ही मान्य केल्यावरच बाकीचा माल निघावा. जुना लॉट या आठवडाअखेर संपतो आहे, त्यामुळे हा किट १५ मे पर्यंत पोहोचणे गरजेचे आहे. तो न आल्यास नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवण्याचा खर्च आपल्या बिलातून वळता केला जाईल. चाचण्यांत खर्ची पडलेल्या दोन किटची क्रेडिट नोट द्यावी.

लॉट २५०३१७ चे विश्लेषण प्रमाणपत्र आर-२ च्या तीव्रतेच्या प्रत्यक्ष आकड्यासह हवे आहे. "मानकांनुसार योग्य" एवढा शिक्का असलेला कागद आमच्याकडे आधीच आहे. राखीव नमुन्यावर आपण केलेल्या तपासणीचा अहवाल, कच्च्या आकड्यांसह, २६ मे पर्यंत मिळावा. त्यात केवळ जलीय स्टँडर्ड चालवून "लॉट ठीक आहे" असे कळवू नये. सीरमचे नमुने चालवावेत. त्यासाठी आमचे गोठवलेले उरलेले नमुने, ओळख काढून टाकून, द्यायची तयारी आहे.

आणखी एक. हा लॉट परळी, माजलगाव, लातूर भागातील इतर प्रयोगशाळांकडेही गेला असणार. ज्यांच्याकडे जुना लॉट आधीच संपला आहे, त्यांना शेजारी-शेजारी तुलना करायला काहीच नाही. मीन बदलून काम चालू असेल. त्यांना आपण लेखी कळवले आहे का, हे उत्तरात स्पष्ट लिहावे. कळवले नसेल, तर वैद्यकीय उपकरणे नियम, २०१७ अंतर्गत राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे ही माहिती आम्ही देऊ. आपण आधी कळवले तर ती वेळ येणार नाही.

आपले तंत्रज्ञ प्रत्यक्ष येणार असतील तर सकाळी अकरानंतर यावे. त्याआधी उपाशीपोटीच्या नमुन्यांची गर्दी असते. दोन्ही लॉटचे थोडे रिएजंट त्यासाठी बाजूला ठेवले आहे.

कळावे,

आपली,
प्रयोगशाळा व्यवस्थापक,
जैवरसायन विभाग, अंबाजोगाई, जि. बीड

सोबत : १) दोन्ही लेव्हलचे लेव्ही-जेनिंग्ज तक्ते २) २० नमुन्यांचा तुलना तक्ता ३) आर-१/आर-२ अदलाबदल चाचणीचे अॅनालायझर प्रिंट ४) दोन्ही खेपांच्या पावत्या व तापमाननोंद ५) शीतकपाट नोंदवही, एप्रिल-मे

प्रत माहितीसाठी : विभागप्रमुख, पॅथॉलॉजी, खरेदी विभाग (या लॉटचे बिल तूर्त रोखून ठेवावे)