आत सरका, मेक सम स्पेस

आंतरमहाविद्यालयीन युवा महोत्सव, काव्यवाचन. सादरीकरण दोघींचं: मराठी ओळ एकीची, इंग्रजी ओळ दुसरीची. मध्ये थांबायचं नाही.

दिव्याचं फाटक, दोन्ही बाजूंना रिक्षांची रांग,
द गेट कम्स डाउन, द सिग्नल टर्न्स, अँड वी आर यंग.
गाडी येते ती डोंबिवलीलाच भरलेली, दारात नुसती पाठ,
नो फेस टू आस्क, नो रॉड टू होल्ड, अँड स्टिल यू स्टार्ट.
आतून कुणी म्हणतं, 'पुढची पकड, मागून रिकामी येतेय!'
वी हॅव हर्ड दॅट सिन्स स्कूल, नो एम्टी ट्रेन कम्स दिस वे.
मी ओरडते, 'आत सरका ना! परीक्षा आहे हो, ताई!'
अँड समवन आय हॅव नेव्हर मेट लुक्स मी इन द आय,
बांगड्यांचा हात मनगट धरून ओढतो, काय त्याचा जोर!
माय बॅग इज आउट, माय फूट इज इन, माय हार्ट इज इन द डोअर.

आत घाम, मोगरा, बाम, आणि कुणाचे तरी ओले केस,
ऑन माय शोल्डर, इन माय माउथ, देअर इज नो अदर स्पेस.
काकू मेथी निवडतात मांडीवर, पिशवीत पानं, पेपरात देठ,
डिनर हॅज टू स्टार्ट राइट हिअर, बिकॉज द नाइट्स रन लेट.
'कुठे उतरणार?' हे आधी विचारायचं, नावगाव मग नीट,
'घाटकोपर!' अँड फाइव्ह ऑफ अस लाइन अप फॉर वन सीट.
तिघींचा बाक, त्यावर चौथी, कशीबशी टेकलेली बाई,
हाफ ऑन द बेंच, हाफ ऑन द एअर, अँड नोबडी आस्क्स हर व्हाय.

९ जून २०२५. मुंब्र्याचं वळण. अजून येतं डोळ्यांसमोर,
टू ट्रेन्स वेन्ट बाय, विथ पीपल हँगिंग फ्रॉम ईच डोअर.
लटकलेली माणसं रुळांवर पडली, काही परतलीच नाहीत घरी,
अँड नेक्स्ट मॉर्निंग द लोकल्स केम, इन द सेम ओल्ड हरी.
मुंब्रा आलं, तशा दारातल्या आत सरकल्या सगळ्या मुली,
वी हेल्ड ईच अदर बाय द स्लीव्ह, अँड ब्रीद्ड, बट नॉट फुली.
गाड्या वाढवा, दारं बंद होऊ देत, आत वारं खेळू दे. जास्त मागतो काय?
अ प्लेस टू स्टँड, अ प्लेस टू ब्रीद, अ राइड व्हेअर नो वन हॅज टू डाय.

कळवा सुटलं की खाडी येते, गजांची अर्धी खिडकी,
द ब्रीझ ब्लोज इन, द नोट्स कम आउट, द पेजेस ऑल गो स्टिकी.
'पुढील स्टेशन, ठाणे.' स्पीकर बोलतो, सगळ्याजणी रोवतात पाय,
ग्रॅब अ बार, अ स्ट्रॅप, अ शोल्डर, एनीथिंग नीअरबाय!
उतरणारा एक लोंढा, चढणारा एक, मध्ये शाळकरी मुलीची वेणी,
कॉट इन अ झिप. थ्री विमेन फ्री इट, विदाउट अ वर्ड फ्रॉम एनी.
शेजारच्या जेंट्समध्ये टाळ वाजतात, भजन म्हणतात सगळे जण,
फॉर अ फ्यू स्टेशन्स द ऑफिस वेट्स, अँड मेनी थ्रोट्स आर वन.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून याच ठाण्याला पहिली गाडी निघाली,
फोर हंड्रेड गेस्ट्स इन फोर्टीन कोचेस, मूव्हिंग प्राउडली, स्लोली.
आज त्या वाटेवर बारा डब्यांत हजारो. कुणाला मोजणार कोण?
द काउंट दॅट मॅटर्स इज केप्ट ॲट होम, ऑन माय मदर्स फोन:
'चढले.' 'ठाणं गेलं.' 'पोचले.' तिला हे मेसेज रोज,
शी नेव्हर टाइप्स, शी सेंड्स अ थंब, अँड आय कीप ऑल ऑफ दोज.
कारण याच डब्यातून मशीद बंदरला कामाला जायची माझी आई,
सेव्हन मंथ्स गॉन विथ मी इनसाइड, द हँडल्स हंग टू हाय.
कोपरं रोवून बायकांनी भोवती कडं केलं, दिला धीर,
नो नेम्स, नो फस, जस्ट एल्बोज, अँड फेसेस ड्रॉइंग नीअर.

मुलुंडपासून शेजारची माझं पान वाचते, म्हणते, 'पुढचं सांग,'
शी लेफ्ट हर डिग्री हाफवे थ्रू, द यीअर हर चाइल्ड वॉज यंग.
मी मोठ्यानं वाचते, ती पुटपुटते, भांडुप ते शीव, ओळ न् ओळ,
अँड जस्ट बिफोर माटुंगा कम्स, वी फिनिश इट, द होल.
माटुंगा! मागून रेटा येतो, उतरायची एकच घाई,
अ दुपट्टा कॉट, अ सँडल ऑफ, नो टाइम टू से गुडबाय.
डब्यातून तिचा आवाज येतो, 'उद्या पुढचा धडा! अगं, तुझं नाव?'
आय शाउट इट ओव्हर फिफ्टी हेड्स, अँड द होल कोच नोज इट नाउ!