संध्याकाळ मुरू द्या.

डब्याच्या झाकणावर

संध्याकाळ मुरू द्या.
दार्जिलिंग सेकंड फ्लश. अख्खं पान. 100 ग्रॅम.

झाकणाच्या आतल्या कागदावर

सकाळचा चहा वेगळा. तो घड्याळाकडे बघत प्यायचा, बऱ्याचदा उभ्यानेच, आणि त्याने आपल्याला हाताला धरून दारापर्यंत पोचवायचं. त्या कामाला दाणेदार सीटीसी चहा उत्तम. त्याचं पान यंत्रात चिरडून, फाडून, त्याची बारीक गोळी वळतात. म्हणूनच आधणात पडल्या पडल्या तो रंग सोडतो. आमचं त्याच्याशी भांडण नाही, आम्हीही सकाळी तोच पितो.

हा डबा मात्र चपला काढून झाल्यावर उघडायचा.

यातलं पान सेकंड फ्लशचं, म्हणजे वर्षातल्या दुसऱ्या बहराचं, मे-जूनमध्ये खुडलेलं आहे, दोन पानं आणि एक कळी एवढंच. खुडल्यावर ते तासन् तास पसरून ठेवतात, कोमेजू देतात. मऊ पडलं की वळतात, मग तांबूस होऊ देतात आणि शेवटी गरम हवेत सुकवतात. चार-साडेचार किलो ओल्या पानातून जेमतेम किलोभर चहा हाती लागतो. इतक्या निवांतपणे तयार झालेल्या पानाला कपात पडताच ‘चल, रंग दाखव’ म्हणणं काही बरं दिसत नाही.

कपभर पाणी उकळायला ठेवा. चांगली उकळी फुटली की गॅस बंद करा आणि बुडबुडे बसू द्या. चहापत्ती चमचाभर, शिगोशीग. अख्खं पान फुगीर असतं, सपाट चमच्यात फसगत होते. काचेची किटली असेल तर आज तीच काढा. पाणी ओता, झाकण ठेवा.

आता चार मिनिटं.

सुरुवातीला पानं वरच तरंगतात, पीळ घातलेल्या काळ्या दोऱ्यांसारखी. मग त्यातलं एखादं हळूच कूस बदलतं, सैल होतं आणि डुलत तळाशी जातं. त्याच्यामागे रंगाची बारीक रेघ पाण्यात उतरत राहते. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास सगळं पाणी मधासारखं होतं. गाळल्यावर एखादं पान बोटावर उलगडून बघा. कडेचे करवतीसारखे बारीक दात दिसतील, मधली शीरही. डोंगरउतारावर होतं तेव्हा ते असंच होतं, फक्त हिरवं.

या चार मिनिटांत काय करायचं? बसायचं. फोन हातात घेतलात तर चाराची आठ कधी झाली कळणार नाही आणि चहा तुरट होईल. मुरू द्या म्हणजे विसरून जा असं नव्हे!

दूध घालायचं तर घाला, तुमच्या घरात आम्ही कोण बोलणारे? पण पहिला घोट कोरा घ्या. सेकंड फ्लशमध्ये पिकल्या द्राक्षांसारखा जो वास असतो, तो दुधाआधीच भेटतो. आणि हो, यात कॅफीन आहे, शेवटी हा चहाच. झोप सावध असेल तर दिवेलागणीलाच घ्या, रात्रीवर नेऊ नका.

पानं लगेच टाकू नका. त्यांच्यावर पुन्हा गरम पाणी ओता, या खेपेला मिनिटभर जास्त थांबा. दुसरा कप फिका असतो, पण गप्पा तोपर्यंत रंगलेल्या असतात.

बसथांब्यावरच्या फलकासाठी

घरी जाऊन पाणी ठेवा. बाकीचं उद्या बघू.
संध्याकाळ मुरू द्या.

रेडिओसाठी, तीस सेकंद

(कुलूप उघडल्याचा आवाज. किल्ल्या टेबलावर पडतात. आत कुठेतरी किटलीत पाणी ओतलं जातंय. झाकण बसतं.)

तो: आलीस?

ती: आले रे. चहा झाला?

तो: मुरतोय.

ती: अजून किती?

तो: चार मिनिटं. बस ना.

(खुर्ची ओढल्याचा आवाज.)

ती: अरे, आज ऑफिसात काय झालं माहितीये? त्या मीटिंगमध्ये...

तो: हं?

(चार सेकंद शांतता. संगीत नको, पाखरंही नकोत.)

ती: जाऊ दे. वास काय छान सुटलाय!

(कपात चहा ओतल्याचा आवाज, अगदी सावकाश.)

निवेदक: संध्याकाळ मुरू द्या.