करणी: सरळ रूप आणि छेदाचं परिमेयीकरण (नववी, सराव पत्रिका)

सोमवारच्या चाचणीआधी हे सगळं वहीत सोडवून आणा. कॅल्क्युलेटर नको, स्टेप्स पूर्ण लिहा, उत्तरं खाली दिलीयेत पण आधी सोडवा मग बघा.

प्र. 1 सरळ रूप द्या
(आतला सगळ्यात मोठा पूर्ण वर्ग शोधा, 72 मध्ये 9 काढून थांबलात तर आत 8 उरतो आणि त्यात अजून 4 लपलेला असतो)
अ) √72  आ) √180  इ) 3√48

प्र. 2 बेरीज-वजाबाकी
अ) √50 + √18 − √8
आ) 2√27 − √75 + √12
इ) √20 + √45 − √7
ई) √12 + 1/√3

इथे मार्क जातात, नीट वाचा

√9 + √16 म्हणजे √25 नाही!! 3 + 4 = 7 येतं आणि √25 तर 5 आहे, मग √2 + √3 = √5 कसं असेल? √2 साधारण 1.41, √3 साधारण 1.73, बेरीज तीनच्या पुढे जाते आणि √5 सव्वादोनच्या आसपास. शंका आली की असे आकडे टाकून बघायचं, लगेच कळतं. गुणाकारात √2 × √3 = √6 चालतं म्हणून हात आपोआप बेरजेतही तेच करतो, तिथे थांबा.

2√3 + 4√3 = 6√3. फक्त सहगुणक मिळवायचे, आतल्या 3 ला हात लावायचा नाही, 6√6 लिहिलं की गेलं. आणि 3 + 2√5 चं 5√5 करू नका, ते आहे तसंच ठेवायचं, तेच उत्तर.

उलटी चूक पण होते, √8 + √2 बघून "विजातीय आहेत, बेरीज होत नाही" लिहून मोकळे होतात. आधी सरळ रूप द्या ना, √8 = 2√2, म्हणजे उत्तर 3√2. सजातीय की विजातीय ते सरळ रूप दिल्यावरच ठरवायचं.

प्र. 3 छेदाचं परिमेयीकरण करा
अ) 6/√3  आ) 5/√18  इ) 1/(√7 − √3)  ई) 4/(3 + √5)  उ) (2 + √3)/(2 − √3)

छेदात दोन पदं असली की अनुबद्ध जोडीनेच गुणा, वर आणि खाली दोन्हीकडे. (इ) मध्ये √7 − √3 नेच गुणलंत तर छेद 10 − 2√21 होतो, करणी तिथेच राहते, मेहनत फुकट.

उत्तरं
प्र. 1: अ) 6√2  आ) 6√5  इ) 12√3
प्र. 2: अ) 6√2  आ) 3√3  इ) 5√5 − √7  ई) 7√3/3
प्र. 3: अ) 2√3  आ) 5√2/6  इ) (√7 + √3)/4  ई) 3 − √5  उ) 7 + 4√3

(ई) चं उत्तर 4(3 − √5)/4 असं सोडलंत तर ते सरळ रूप नाही, 4 छेदून टाका. (आ) मध्ये 5√18/18 आलं असेल तर ते चूक नाही पण अपुरं आहे, √18 = 3√2 करून पुढे न्या.