द्विपद वितरण: फोटोतलं ते "किमान 3" वालं गणित

अगं फोटो मिळाला, पण पान दुमडलेलं आणि वर तुझ्याच हाताची सावली, त्यामुळे नेमका गोळ्यांचा आकडाच धड दिसत नाहीये, 6 आहे की 8 तेच कळेना. बाकीचं वाचता आलं ते असं: एका नेमबाजाचा प्रत्येक गोळीला नेम लागण्याची संभाव्यता 0.3 आहे. तो (6 का 8) गोळ्या झाडतो. (अ) किमान 3 वेळा नेम लागण्याची संभाव्यता काढा. (ब) किमान एकदा तरी नेम लागण्याची संभाव्यता 0.95 पेक्षा जास्त हवी असेल तर कमीत कमी किती गोळ्या झाडाव्या लागतील? (क) (अ) मधल्याच गोळ्यांत किमान एकदा नेम लागला हे माहीत असताना किमान 3 वेळा लागला असण्याची संभाव्यता किती? आणि खाली बारीक अक्षरात (अ) चं उत्तर 0.4482 असं छापलंय, ते मात्र स्पष्ट दिसतंय, नशीब.

तू लिहिलंयस की तुझं उत्तर 0.1941 येतंय आणि पुस्तक चुकलंय. पुस्तकं चुकतात, नाही असं नाही, पण इथे नाही चुकलेलं. आधी ते 6 आणि 8 चं मिटवून टाकू.

हे द्विपद का, तर गोळ्यांची संख्या आधीच ठरलेली, प्रत्येक गोळीला दोनच शक्यता (लागली किंवा चुकली), दर वेळी p तेवढाच, आणि एका गोळीचा दुसरीवर काही परिणाम नाही. खरा नेमबाज दोन चुकल्या की वैतागून तिसरीही चुकवेल, पण गणितात तो यंत्रासारखा वागतो असं धरायचं 😄

सूत्र तुला पाठ आहेच, तरी समोर असू दे:

```
P(X = r) = nCr × p^r × q^(n-r)
p = 0.3,  q = 1 - p = 0.7
```

आता "किमान 3" म्हणजे 3 किंवा त्याहून जास्त, म्हणजे 3 धरून. सगळी मजा या "धरून" मध्ये आहे. 8 गोळ्या धरल्या तर 3, 4, 5, 6, 7, 8 अशा सहा संभाव्यता काढून बेरीज करत बसावं लागेल, त्यापेक्षा जे नकोय ते काढ आणि 1 मधून वजा कर. नकोय काय? 0, 1 आणि 2. बस, तीनच. तू काय केलंस ते तुझ्या वहीच्या फोटोत दिसतंय, तू 0, 1, 2 आणि 3 असे चारही वजा केलेस, म्हणजे नेमका 3 वेळा लागला ती केस जी आपल्याला हवी होती तीच बाहेर फेकलीस. तू काढलंस ते "3 पेक्षा जास्त" चं उत्तर आहे. आकडेमोड तुझी एकदम बरोबर आहे गं, प्रश्न दुसरा सोडवलास इतकंच.

n = 8 घेऊन:

```
P(0) = (0.7)^8                     = 0.05765
P(1) = 8 × 0.3 × (0.7)^7           = 0.19765
P(2) = 28 × (0.3)^2 × (0.7)^6      = 0.29648
बेरीज                               = 0.55177 (जवळपास)
P(X ≥ 3) = 1 - 0.55177             = 0.4482
```

जुळलं. म्हणजे पानावर 8 च आहे. n = 6 घेतलं असतं तर 0.2557 आलं असतं, तेही मी करून बघितलं. आणि इथे एक गंमत सांगतो, 8 गोळ्यांत बरोब्बर 3 वेळा नेम लागण्याची संभाव्यता 0.2541 येते, म्हणजे जी व्यक्ती n चुकीचा वाचेल आणि जी "किमान" च्या जागी "बरोबर" वाचेल त्या दोघांची उत्तरं जवळजवळ सारखी दिसतील आणि दोघांना वाटेल आपलं बरोबर आहे, राउंडिंगचा फरक असेल! म्हणून चार दशांशांपर्यंत उत्तर मागतात तेव्हा मधल्या पायऱ्यांत निदान पाच तरी ठेव, उगाच 0.06, 0.20, 0.30 करून बसू नकोस, तसं केलंस तर 0.44 वर अडकशील.

वजाबाकीवर विश्वास नसेल तर सरळ वाटेनेही जाऊन बघ, मी एकदा केलं: 0.25412 + 0.13614 + 0.04668 + 0.01000 + 0.00122 + 0.00007, बेरीज 0.44823. तेच उत्तर, फक्त घाम जास्त. परीक्षेत असलं करू नकोस, किमानच्या गणितात नको असलेल्या केसेस कमी आहेत का हव्या असलेल्या हे आधी बोटांवर मोजायचं. समजा "किमान 7" विचारलं असतं तर मात्र P(7) + P(8) सरळ बेरीजच करायची, तिथे 1 मधून वजा करणं म्हणजे वेडेपणा.

अजून एक, कुठलंही उत्तर आलं की सरासरीशी ताडून बघ. np = 8 × 0.3 = 2.4, म्हणजे सरासरी अडीचच्या आतच नेम लागतात. मग 3 किंवा जास्त लागण्याची शक्यता निम्म्याच्या थोडी खाली असेल हे कळतंच, 0.45 च्या आसपास पटतं, 0.19 पटत नाही. तुझं उत्तर आलं तेव्हाच हे बघितलं असतंस तर पुस्तकावर राग काढावा लागला नसता.

शिक्षकांना दाखवायच्या आधी एक्सेलमध्ये खात्री करायची असेल तर:

```
=1-BINOM.DIST(2,8,0.3,TRUE)
```

इथेही तो 2 आहे, 3 नाही. तीच चूक तिथेही होते, लोक 3 टाकतात आणि परत 0.1941 येतं.

(ब) सोपं आहे. एकदा तरी लागणे याच्या उलट म्हणजे एकदाही न लागणे, त्याची संभाव्यता (0.7)^n. ती 0.05 पेक्षा कमी हवी. लॉग घ्यायचा असेल तर घे:

```
n × log(0.7) < log(0.05)
n > log(0.05) / log(0.7) = 8.399
```

log(0.7) ऋण आहे म्हणून भागताना चिन्ह उलटलं, हे विसरलीस तर n < 8.4 येईल आणि प्रश्नालाच अर्थ उरणार नाही. गोळ्या पूर्णांकातच, म्हणून 9. ताळा: (0.7)^8 = 0.0576, हे जास्त होतंय, (0.7)^9 = 0.0404, हे चालतं. 8.399 म्हणून 8 लिहू नकोस, इथे जवळचा आकडा नाही, वरचाच घ्यायचा.

(क) साठी नवीन काही काढायचं नाही. किमान 3 वेळा लागला म्हणजे किमान एकदा लागलाच, त्यामुळे दोन्हींचा छेद म्हणजे किमान 3 च. फक्त भागाकार:

```
P(X ≥ 3) / P(X ≥ 1) = 0.448226 / 0.94235 = 0.4756
```

खालचा 0.94235 म्हणजे 1 - 0.05765, वर काढलेलाच P(0) वापरला. वहीत तिन्ही उपप्रश्नांच्या सुरुवातीला "X = नेम लागलेल्या गोळ्यांची संख्या" असं एक वाक्य लिही, आणि पुढचं पान पाठवशील तेव्हा पुस्तक टेबलावर सपाट ठेवून फोटो काढ गं, सावलीत 3 आणि 8 पण सारखेच दिसतात.