जिए, साठावी आकृती: धाकट्या बहिणीबद्दल तू विचारलेल्या प्रश्नाचं वाचन

रविवारी माझ्या जेवणाच्या टेबलावर, ई-चिंग या जुन्या चिनी शकुनग्रंथाचा कौल घ्यायला, तू रुपयाची तीन नाणी सहा वेळा टाकलीस. छाप्याचे तीन, काट्याचे दोन धरून मी बेरजा मांडत गेले, एका बेरजेची एक रेघ. खालून वर आल्या त्या अशा: सात, नऊ, आठ, आठ, सात, सहा. घाईत होतीस म्हणून तेव्हा फक्त "पाण्यावर पाणी आलंय" एवढंच म्हणाले. आता नीट लिहिते.

तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत: "धाकटीला मर्यादा कशी घालू, की नातं तुटणार नाही?" चिठ्ठी माझ्याकडेच राहिलीय. "मर्यादा" लिहून खोडलंयस, मग पुन्हा तेच लिहिलंयस. खोडलंस ते मला आवडलं. आपल्याकडे हा शब्द मुलींना गप्प बसवायला इतका वापरलाय, की तो स्वतःसाठी वापरताना हात अडखळणारच.

ई-चिंगमधल्या चौसष्ट आकृत्यांपैकी ही साठावी, जिए, म्हणजे मर्यादा, बंधन. ज्या चिनी अक्षराने ती लिहितात त्याच्या डोक्यावर बांबूची खूण असते आणि मूळ अर्थ बांबूचं पेर. उसाचं पेर डोळ्यांपुढे आण. पेरं नसती तर ऊस दोन हात वाढून लोळला असता. पेरापाशी वाढ थांबत नाही, तिथे दम घेऊन ती पुढे सरकते. वर्षाच्या चोवीस ऋतुखंडांनाही चिनी लोक हेच अक्षर लावतात. त्यामुळे इथे भिंत मनात आणू नकोस. पेर आण.

आकृतीत खाली तळं आहे, वर पाणी. तळ्यात मावेल तेवढंच मावतं. तुझ्या घरी साडेदहाला फोन वाजतो, एक वाजेपर्यंत चालतो, सकाळी साडेनवाला तू बँकेत काउंटरवर. हे वरचं पाणी. तिचं दुःख खोटं आहे असं आकृती कुठेही म्हणत नाही. ती फक्त तळं केवढं आहे ते विचारते.

मूळ वचन अगदी छोटं आहे. जिए, यश. पण कडू बंधन धरून ठेवू नये. अख्खं उत्तर खरं तर यात आलं, तरी तुझ्या दोन रेघा, नऊ आणि सहा आलेल्या, हलत्या म्हणजे बदलणाऱ्या आहेत आणि त्या फार बोलक्या आहेत.

दुसरी रेघ, तुझा नऊ: "दरवाजाच्या अंगणाबाहेर पडत नाही. अशुभ." गंमत अशी की पहिली रेघ जवळजवळ हेच म्हणते आणि तिथे दोष नाही. फरक दरवाजाचा. पहिलीत खोलीचं साधं दार आहे, दुसरीत वाड्याचा मोठा दरवाजा. सुरुवातीला घरात बसणं शहाणपणाचं होतं. बहीण नवऱ्याचं घर सोडून नाशिकला आली, पहिले महिने तू नुसतं ऐकलंस, ते बरोबरच होतं. पण नंतर बोलायची वेळ आली, दरवाजा उघडा होता, आणि तू आतच राहिलीस. जुनी टीका या रेघेखाली एवढंच म्हणते, की वेळ पार चुकली. दर महिन्याला तीन हजार, कधी पाच हजार पाठवताना तू एकदाही "हे किती दिवस?" असं विचारलं नाहीस. ही रेघ त्या न विचारण्याची आहे.

आणि सहावी, तुझा सहा: "कडू बंधन. धरून ठेवलं तर अशुभ. खंत नाहीशी होते." लेकीची दहावीची प्रिलिम, रात्री पावणेबाराला तिसरा फोन, आणि तू नंबर ब्लॉक केलास. दोन दिवसांनी रडत काढलास. मला विचारशील तर दुसरी आणि सहावी एकाच बाईच्या दोन टोकांच्या गोष्टी आहेत. जी वेळेवर बोलत नाही ती शेवटी कडी लावते. त्या दोन दिवसांचा अपराध मनात धरू नकोस, रेघ स्वतःच खंत जाईल म्हणते. पण तोच मार्ग कायमचा धरलास तर मात्र ती सरळ अशुभ म्हणते.

तिसरी रेघ हलत नाही, म्हणून तिच्यात शिरत नाही. चौथीही शांत आहे.

पाचवीही हलत नाही, पण तिला मी सोडणार नाही, कारण या आकृतीची धनीण तीच मानतात. "गोड बंधन. शुभ." टीकाकारांचा रोख असा, की जो नियम माणूस आधी स्वतःला लावतो तोच दुसऱ्याला गोड लागतो. म्हणजे "तू रात्री फोन करू नकोस" हे दुसरं वाक्य. पहिलं वाक्य, "मी दहानंतर फोन उचलत नाही, कोणाचाच." मग ऑफिसच्या ग्रुपवर साडेअकराला उत्तरं देणंही बंद करावं लागेल. तिथे तुझी खरी परीक्षा आहे, बहिणीपाशी नाही.

प्रतिमेच्या वचनात शहाणा माणूस संख्या आणि माप ठरवतो, असं म्हटलंय. संख्या! "जरा कमी फोन कर" याला माप नाही, त्याने भांडणच होतं. मंगळवार आणि शुक्रवार, साडेनऊ ते दहा, याला माप आहे. पैशाचाही एक आकडा ठरव, तारखेसकट, आणि तिला तो आधी सांग.

हे "आधी" महत्त्वाचं. खडकवासल्यातून पाणी सोडायचं असलं की पुण्यात आधी सूचना फिरते, इतक्या वाजता इतके क्युसेक, नदीपात्रातल्या गाड्या हलवा. भिडे पूल पाण्याखाली जातो, पण ज्यांनी ऐकलं त्यांच्या गाड्या वाहत नाहीत. तू तुझे दरवाजे महिनोन् महिने बंद ठेवलेस आणि एका रात्री सूचना न देता उघडलेस. तिची गाडी तिथेच उभी होती.

एक अपवाद स्पष्ट लिहून ठेव. तिचा नवरा नाशिकला येऊन धमकावू लागला, किंवा तिने जिवाचं काही बरंवाईट करण्याची भाषा केली, तर वेळेचं माप नाही. तेव्हा रात्री दोनलाही फोन उचलायचा आणि ११२ लावायचा. हे तिलाही याच शब्दांत सांग.

दोन रेघा बदलल्या की आकृती होते बेचाळिसावी, यी, म्हणजे वाढ. तिथे वरचं कमी होऊन खालच्याला मिळतं, मोठी नदी ओलांडायला काळ अनुकूल. तू थोरली म्हणून "अजून द्यायचं" असा अर्थ लगेच काढशील, ओळखते तुला. मी तसा वाचत नाही. पेर पडल्यावर जी वाढ होते ती ही. रात्रीचं रडणं आटलं की तुम्ही दोघी दुसरं काही बोलू शकाल. तिचं शिवणकाम, तुझी लेक, आईची बरणीतली कैरी. शेवटचं हसत कधी बोललात, आठवतंय का?

या शुक्रवारी तू स्वतःहून साडेनवाला फोन लाव. तिच्या फोनची वाट बघू नकोस. दरवाजाबाहेर पडायचं ते असं.

तुझं एक नाणं टेबलाखाली सापडलं, फ्रीजवर ठेवलंय. येशील तेव्हा ने.